वॉर्म व्हाईट माळा ट्यूबलाइटपुढे फिक्या का पडतात?

प्रश्न: सणासाठी हॉलमध्ये वॉर्म व्हाईट माळा लावल्यात. ट्यूब लावली की सगळी मजाच जाते, माळा पिवळट दिसतात. कूल व्हाईट माळा आणू का?

उत्तर:

माळा बदलू नका, सणाच्या संध्याकाळी ट्यूब बंद ठेवा.

२० वॉटची कूल व्हाईट ट्यूब साधारण २००० ल्युमेन उजेड देते आणि तिचा रंग ६५०० केल्विनच्या आसपास असतो; हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर. माळेचा उजेड त्यापुढे अगदीच थोडा. खोलीत ज्याचा उजेड जास्त, त्यालाच डोळा पांढरा धरतो. म्हणून ट्यूब चालू असताना २७०० केल्विनची माळ पिवळट वाटते. ट्यूब बंद करून काही मिनिटं थांबा, डोळा सरावला की तोच पिवळटपणा सोनेरी वाटू लागेल.

कूल व्हाईटमध्ये निळा भाग जास्त आणि लाल कमी असतो, त्यामुळे लाल-केशरी फुलं, सोनेरी काठ आणि माणसांचे चेहरे निस्तेज दिसतात. उजेड मंद केला तर हा रंग आणखी उदास, राखाडी भासतो. मंद उजेड हवा असेल तर वॉर्मच घ्यावा.

पण नुसत्या माळांवर बसणं-उठणं जमत नाही. १० बाय १२ फुटांच्या खोलीत मी ९ वॉटचे दोन २७०० केल्विनचे बल्ब समोरासमोरच्या कोपऱ्यांत, भिंतीकडे तोंड करून ठेवायला सांगेन. दोन्ही मिळून ट्यूबपेक्षा फार कमी उजेड देत नाहीत, मात्र तो भिंतीवरून परतून येतो, म्हणून डोळ्यांखाली सावल्या पडत नाहीत. भिंत पांढरी किंवा क्रीम असावी. गडद निळ्या भिंतीवर वॉर्म उजेड मळकट दिसतो.

खरेदी करताना खोक्यावरचा केल्विनचा आकडा बघा. २७०० आणि ३००० दोन्ही वॉर्म व्हाईट म्हणूनच विकले जातात, पण शेजारी लावले की फरक लगेच कळतो. उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा सीआरआय हा आकडा ९० किंवा वर मिळाला तर उत्तम. आकडा छापलेला नसेल तर उजेडात लाल कापड धरा. ते विटकरी दिसलं तर तो दिवा सोडून द्या.

कूल व्हाईट वाईट नाही. काच, चांदी, पांढरी फुलं अशी सजावट त्यात झकास उठते. ती वेगळ्या कोपऱ्यात किंवा खिडकीबाहेर ठेवा, माणसं बसतात तिथे नको. फोटोत फोन बहुधा एकाच रंगाचा हिशेब सांभाळतो, त्यामुळे मिश्र उजेडात अर्धा चेहरा निळा आणि अर्धा केशरी येतो.

एक गोष्ट हमखास राहून जाते: स्वयंपाकघरातली ट्यूब. तिचा निळसर पट्टा दारातून हॉलमध्ये येतो आणि केलेली मेहनत वाया जाते. दार लोटून घ्या, नाहीतर तेवढ्या दिवसांपुरता तिथेही वॉर्म बल्ब लावा.