वार्षिक सभेत हिशेबाचे तक्ते कसे मांडावेत?

प्रश्न: कोथरूडच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेत मी खजिनदार आहे. सभेत हिशेबाचे आलेख दाखवताना थोडक्यात काय बोलू?

उत्तर: वाढावा दिसत असताना बँकेतील रक्कम का घटली, हा प्रश्न सभेत हमखास येतो, म्हणून भाषण त्याभोवतीच बांधावे. आकडे नमुन्याचे आहेत, तेथे आपले घालावेत.

"सभासद बंधू-भगिनींनो, पडद्यावर तीन स्तंभ आहेत. 31 मार्चला संपलेल्या वर्षात आपण 24 लाख रुपयांची आकारणी केली आणि 22 लाख खर्च झाला, म्हणून उत्पन्न-खर्च पत्रकात 2 लाखांचा वाढावा दिसतो. मधला स्तंभ मात्र प्रत्यक्ष वसुलीचा असून तो 21 लाखांवरच थांबतो, कारण बिल निघताच ती रक्कम उत्पन्नात धरली जाते, मग ती जमा होवो वा न होवो. त्यामुळे बँकेतील शिल्लक 1 लाखाने घटली. उरलेले 3 लाख कुठे आहेत, हे ताळेबंदातील 'सभासदांकडून येणे' या ओळीत दिसेल: गतवर्षी तेथे 3 लाख होते, यंदा 6 लाख आहेत."

ही ओळ वाचल्यावर क्षणभर थांबावे आणि लोकांना छापील अहवालात ती शोधू द्यावी. थकबाकीदारांची नावे पडद्यावर आणू नयेत, असे मला ठामपणे वाटते, कारण चर्चा लगेच हिशेबावरून भांडणावर जाते.

आलेखाचा उभा अक्ष शून्यापासूनच घ्यावा. तो 20 लाखांपासून सुरू केल्यास आकारणीचा स्तंभ खर्चाच्या दुप्पट उंच दिसतो आणि वाढावा अवास्तव मोठा भासतो.