कार-टी: रुग्णाच्याच पेशी कॅन्सरवर कशा सोडतात?

वडिलांना लिम्फोमा आहे, डॉक्टर कार-टी म्हणतायत. त्यांच्याच पेशी बदलून परत देतात म्हणजे नेमकं काय करतात?

आधी मशीनमधून रक्त फिरवून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात, बाकीचं रक्त लगेच शरीरात परत जातं. त्यातल्या टी-पेशींमध्ये, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींमध्ये, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत एक नवा जनुक घालतात. त्यामुळे पेशीवर एक रिसेप्टर, म्हणजे खूण ओळखणारा भाग, उगवतो, जो सीडी१९ हे प्रथिन ओळखतो. हे प्रथिन बी-पेशींच्या लिम्फोमात कॅन्सरपेशींवर असतं. प्रयोगशाळेत या पेशी वाढवतात, आणि रुग्णाला थोडी केमो देऊन सलाईनसारख्या सोडतात. केमो कॅन्सरपेक्षा नव्या पेशींना जागा करून देण्यासाठी असते.

खरी कसोटी त्यानंतर. पेशी जोमाने लढू लागल्या की ताप चढतो, रक्तदाब घसरतो. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात ल्युकेमिया झालेली सहा वर्षांची एमिली व्हाइटहेड यामुळेच व्हेंटिलेटरवर गेली. तिच्या रक्तात आयएल-६ हे दाह वाढवणारं प्रथिन प्रचंड वाढलेलं दिसलं. ते रोखणारं, संधिवाताचं टोसिलिझुमॅब दिल्यावर ती सावरली. आज तेच औषध हाताशी ठेवतात. गोंधळ, बोलताना अडखळणं, हस्ताक्षर बिघडणं दिसलं तर लगेच सांगा, तो मेंदूवरचा परिणाम असू शकतो.

सीडी१९ असलेल्या निरोगी बी-पेशीही मरतात, आणि त्याच प्रतिपिंडं बनवायला लागतात, म्हणून पुढे संसर्ग सांभाळावा लागतो. काहींच्या कॅन्सरपेशी सीडी१९ गमावतात आणि आजार उलटतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली आहे, डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.