शाळेच्या गोलकीपरचा आठवडा आणि माझा डावा पाय

प्रश्न: मुलगा नववीत आहे, शाळेच्या टीमचा गोलकीपर. सर म्हणतात रिफ्लेक्स कमी आहेत आणि डाईव्ह मारायला कचरतो. रिफ्लेक्स, फूटवर्क, हँडलिंग, डायव्हिंग सगळं धरून आठवड्याचं प्रॅक्टिस कसं लावावं? आम्ही ऐरोलीत राहतो.

उत्तर:

"डाईव्ह मारायला कचरतो" हे वाचलं आणि राहवलं नाही. नववीत असताना हेच वाक्य मी सगळ्या टीमसमोर ऐकलंय.

आमची शाळा नेरूळची, ग्राउंड मुरमाचं. गोलकीपरचं प्रॅक्टिस म्हणजे सर बाकीच्या पोरांना पेनल्टी स्पॉटवर रांगेत उभं करायचे आणि एकेकाने जोरात मारायचं. मी उड्या मारायच्या. दोन्ही कोपरं आणि गुडघे कायम सोललेले, खपली धरायच्या आत पुन्हा फुटायची. मग आंतरशालेय स्पर्धेतली एक मॅच. शेवटची पाच-सात मिनिटं, शून्य-शून्य. बॉक्सच्या कडेवरून त्यांच्या पोराने माझ्या डाव्या खांबाकडे सरपटत बॉल मारला. जोर काहीच नव्हता, माझ्यापासून जेमतेम दोन पावलांवर. मी पडलो आणि बॉल माझ्या पोटाखालून आत गेला. मॅच संपल्यावर सर म्हणाले, "घाबरतोस तू. धाडस नसेल तर गोलमध्ये उभं राहू नये." दहावीत मी फुलबॅक खेळलो. गोलमध्ये परत उभा राहिलो तो थेट कॉलेजला.

तिथल्या एका सीनियर कीपरने तसाच बॉल अगदी हळू टाकून मला तो अडवून दाखवायला लावला, सात-आठ वेळा. तो माझ्या हातांकडे बघतच नव्हता, पायांकडे बघत होता. मी पाय खांद्यांपेक्षा बरेच फाकवून, टाचांवर भार देऊन उभा राहायचो. तसं उभं राहिलं की डावीकडे जाण्यासाठी डावा पाय आधी आत ओढावा लागतो, मग रेटा मिळतो. तोवर बॉल शेजारी आलेला असतो. मग उरतं काय, तर जागच्या जागी कोसळणं. आधी गुडघा टेकतो, मग कोपर, आणि हात सगळ्यात शेवटी पोहोचतात. बॉल पोटाखालून गेला तो असा. त्यात भीतीचा काहीच संबंध नव्हता. भीती नंतर आली, कारण कोपरावर पडलं की दुखतं आणि दुखलं की शरीर पुढच्या वेळी आपोआप आखडतं.

म्हणून मुलाचं प्रॅक्टिस पायांपासून लावा. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, भार चवड्यांवर, गुडघे किंचित वाकलेले, हात कमरेच्या थोडे वर आणि शरीराच्या पुढे. समोरच्याचा पाय बॉलला लागतो त्या क्षणी कीपरचे दोन्ही पाय जमिनीवर, स्थिर हवेत. तुम्ही गोलच्या मागे उभे राहा आणि फक्त एवढंच बघा. तो त्या क्षणी चालत असेल किंवा उडीत असेल, तर "रिफ्लेक्स कमी" म्हणतात ते बहुतेक हेच. पेनल्टी स्पॉट 11 मीटरवर असतो. तिथून ताशी 80 किलोमीटरने मारलेला बॉल अर्ध्या सेकंदात गोलरेषेवर येतो आणि नुसतं बघून हलायला सुरुवात करण्यातच साधारण पाव सेकंद जातो. हा पाव सेकंद सरावाने फारसा कमी होत नाही. उरलेला वाया न घालवणं तेवढं शिकवता येतं. पेनल्टी स्पॉटवरून पन्नास शॉट मारून घेणं याला मी रिफ्लेक्सचं प्रॅक्टिस मानत नाही. ते अंदाजपंचे उड्या मारणं आहे.

आता आठवडा. तीन दिवस पुरे, प्रत्येकी पाऊण तास. मंगळवारी हँडलिंग आणि पाय. सहा-सात मीटरवरून हाताने किंवा हळू पायाने बॉल द्यायचा. छातीच्या वरचा बॉल अंगठे जवळ आणून बॉलच्या मागे पंजे पसरून धरायचा. खालचा बॉल करंगळ्या जवळ, बोटं जमिनीकडे, आणि मागे पाय किंवा छाती आडवी हवीच. प्रत्येक बॉलच्या आधी दोन-तीन पावलं बाजूला सरकून थांबायला लावा. सरकताना पायावर पाय जाता कामा नये. गुरुवारी रिफ्लेक्स: भिंतीकडे तोंड करून तो तीन मीटरवर उभा, तुम्ही मागून टेनिस बॉल भिंतीवर मारायचा, परत येणारा त्याने धरायचा. दहा-दहाचे चार फेरे, मध्ये पूर्ण दम घेऊ द्या. दमलेला मुलगा उशिराच हलतो, आणि मग त्याला उशिरा हलायचीच सवय लागते.

डाईव्ह गुरुवारी थोडे, शनिवारी जास्त, आणि पायऱ्यांनी. आधी पाय पसरून बसून, बाजूला ठेवलेल्या बॉलवर नुसतं कलंडायचं. मग गुडघ्यांवरून. मग उकिडवं बसून. मग उभ्याने, आणि सगळ्यात शेवटी पाऊल टाकून. ते पाऊल बॉलच्या बाजूच्या पायाचं, आडवं नाही तर तिरकं, पुढे. त्याच पायावर भार घेऊन रेटायचं. हात आधी जातात: खालचा हात बॉलच्या मागे, वरचा बॉलवर, आणि खालून जमीन. बॉल असा तीन बाजूंनी अडकतो. अंग पोटरीच्या बाहेरच्या अंगाने, मग मांडी, खुबा, बरगडी आणि खांदा अशा क्रमाने टेकतं. तोंड मैदानाकडे, पोट जमिनीला लागत नाही. आधीची पायरी दोन्ही बाजूंना दहापैकी नऊ वेळा न दुखता जमली तरच पुढची. एका दिवसात एका बाजूला पंधरापेक्षा जास्त पूर्ण डाईव्ह मी मारू देत नाही. मॅचच्या आधीचे दोन दिवस एकही नाही.

माझ्या शेजारच्या सोसायटीतला एक मुलगा, तोही नववीतलाच, मागच्या जूनपासून असाच शिकतोय. उजवीकडे छान, डावीकडे धपकन. दोन आठवडे आम्ही डावीकडे बॉल मारलाच नाही, फक्त ते तिरकं पाऊल आणि कलंडणं. तिसऱ्या आठवड्यात तो स्वतःच म्हणाला, "काका, आता मारा जोरात." त्याला कुणी धाडस शिकवलं नव्हतं. हे त्या सरांना दाखवायची मला आजही फार इच्छा आहे.

काही गोष्टी राहिल्या. पावसाळ्यानंतर ग्राउंड वाळून कडक झालं की मुरमावर पूर्ण डाईव्ह बंद. लॉन, वाळूचा खड्डा किंवा जुनी गादी शोधा. पावसात बॉल निसटतो, तेव्हा प्रत्येक बॉल धरायचा हट्ट नको, खांबाच्या बाहेर ढकलायला शिकवा. मनगट किंवा खांदा दुसऱ्या दिवशीही दुखत असेल तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. उंच क्रॉसबद्दल मी काहीच लिहिलं नाही, तो वेगळा विषय आहे. आणि तुमच्या मुलाला प्रत्यक्ष न बघता लिहितोय, त्यामुळे त्याची चूक माझ्यापेक्षा वेगळीही असू शकेल.

ते तपासायला सोपं आहे. शनिवारी तो घरी आला की कपडे भिजत घालायच्या आधी बघा. चिखल मांडीच्या आणि खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, बरगडीवर असेल तर तो बरोबर पडतोय. गुडघे, कोपरं आणि छाती माखली असेल तर सरांना सांगा की पुढचे दोन आठवडे त्याच्यावर कुणी शॉट मारू नये.