लाल ऊस दिसला म्हणून फोटो खोटा नव्हे

निपाणी-चिकोडीकडचा ऊस सॅटेलाइटच्या चित्रात लालभडक दिसला, की लगेच ‘फोटो बनावट आहे’ म्हणू नकोस. सेंटिनेल-2 या उपग्रहाचा B8 बँड डोळ्याला न दिसणारा निअर-इन्फ्रारेड मोजतो. पडद्यावर तो लाल रंगाला जोडतात, लाल प्रकाश मोजणारा B4 हिरव्याला, हिरवा प्रकाश मोजणारा B3 निळ्याला. हिरवीगार पानं निअर-इन्फ्रारेड भरपूर परत फेकतात म्हणून लाल; हिडकलच्या धरणाचं पाणी तो शोषून घेतं म्हणून जवळपास काळं. रंग ठरवलेला असला तरी मोजमाप खरं असतं.

लबाडी चालते ती स्केलमध्ये, म्हणजे कोणत्या आकड्याला किती रंग द्यायचा त्यात. धर, एका तारखेच्या चित्रात जोमदार उसाचं B8 परावर्तन 0.4 आहे आणि दुसऱ्या तारखेच्या चित्रात वाळत चाललेल्याचं 0.2. दोन्ही चित्रांना 0 ते 0.4 हीच मर्यादा ठेवलीस तर पहिल्याला पूर्ण लाल मिळेल, दुसऱ्याला निम्मा. पण दुसऱ्या चित्राची वरची मर्यादा कुणी गुपचूप 0.2 केली, तर वाळका ऊसही तितकाच लाल! एक पिक्सेल हाताने रंगवलेला नाही, तरी ही फसवणूकच. (ऑटो-कॉन्ट्रास्ट नकळत हेच करतो. तो आधी बंद कर.)

ओळखायला दोन्ही तारखांत न बदललेलं काहीतरी शोध: कारखान्याचं मोठं छप्पर, उघडा खडक. तेही उजळलं असेल तर बहुतेक स्केल हललंय. मात्र धुकं किंवा विरळ ढग नव्हते ना, तेवढं बघ.

थर्मल कॅमेऱ्यातही तेच. तापमानाची पट्टी 31 ते 33 अंशांवर आवळली, की साधी भिंतही पेटल्यासारखी दिसते. तापमानाची पट्टी कापलेला फोटो माझ्याकडे आणूच नकोस.