आजी श्रद्धाळू होती, मी नाही. प्रार्थनासभेत काय बोलू?

“रविवारी आजीची प्रार्थनासभा आहे. बाबा म्हणाले, तूच बोल. आजीचा देवावर फार विश्वास होता, माझा नाही, आणि या विषयावर आमचे वादही झाले होते. खोटं बोलायचं नाही आणि कुणाला दुखवायचंही नाही. शिवाय मध्येच रडू आलं तर?”

२६ वर्षांच्या या मुलाने पहिला मसुदा सोबत आणला होता. मोठ्याने वाचायला सांगितल्यावर त्याला नऊ मिनिटं लागली. प्रेमळ, सोज्वळ, कष्टाळू, धर्मपरायण अशी विशेषणं ओळीने होती, पण त्यात आजी कुठे दिसत नव्हती. “आजी आता देवाघरी सुखात आहे” या वाक्यापाशी तो दर वेळी अडखळत होता. त्याला वाटत होतं, दुःखामुळे. खरं कारण वेगळं होतं: ते वाक्य त्याचं नव्हतंच.

अशा वेळी एक साधी विभागणी उपयोगी पडते. आपण जे मानतो ते एका बाजूला, जे पाहिलं ते दुसऱ्या बाजूला. भाषण दुसऱ्या बाजूवर उभं करायचं. “देवाघरी आहे” याच्या जागी “आपण देवाघरी जाणार, याची आजीला खात्री होती” असं लिहिलं की वाक्य खरं होतं आणि श्रद्धा असलेल्यांनाही ते खुपत नाही.

मग त्याला विचारलं, आजी प्रार्थनेला बसायची तेव्हा तू कुठे असायचास? तो शेजारच्या खाटेवर अर्धवट झोपेत असायचा. आजी शेवटी एकेकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागणं मागायची. नावांचा क्रम ठरलेला. मध्येच कुणी हाक मारली की क्रम चुकायचा आणि ती पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात करायची, म्हणून घरात सगळे तेवढा वेळ गप्प राहायचे. त्यात एक नाव असं होतं, ज्या बाईशी आजीचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. हे सांगताना त्याचा आवाज एकदम सैल झाला. भाषण इथेच सापडलं. बाकीचं जवळपास सगळं काढून टाकलं.

वादांचं काय करायचं, हा त्याचा खरा सल होता. सभेत माफी मागावी, असं त्याच्या मनात होतं. ते करू नये. माफी ऐकायला आजी नाही, आणि समोर बसलेल्यांना त्या भांडणाचा पंच व्हावं लागतं. त्याने आजीला वेगळं पत्र लिहिलं, कुणालाही न दाखवण्यासाठी. भाषणात एकच वाक्य ठेवलं: “मी प्रार्थना करत नाही, हे आजीला माहीत होतं. तरी माझं नाव तिच्या यादीतून गेलं नाही.”

नेमकं याच वाक्यावर त्याचा गळा दाटायचा, आणि मसुद्यात ते सगळ्यात शेवटी होतं. शेवटी ठेवलेलं जड वाक्य धोक्याचं, कारण तिथे पोचेपर्यंत ताण साठत जातो आणि पुढे सावरायला जागाच उरत नाही. ते मध्यावर आणलं आणि त्याच्या पाठोपाठ एक कोरडी, माहितीची ओळ ठेवली: आजी किती वाजता उठायची, कुठे बसायची. अशी ओळ वाचताना आवाज परत जागेवर येतो.

आवंढा येतो तेव्हा माणूस घाईने श्वास आत ओढतो आणि गळा आणखी आवळतो. त्याऐवजी आधी श्वास सावकाश बाहेर सोडायचा, पाण्याचा एक घोट घ्यायचा, नजर कागदावर ठेवायची. थांबलेले पाच सेकंद बोलणाऱ्याला फार मोठे वाटतात. ऐकणाऱ्यांना नाही.

शेवटचा मसुदा साडेतीनशे शब्दांचा झाला. दुःखात माणूस सावकाश वाचतो, त्यामुळे एवढ्याला चार मिनिटं लागतात. मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला, पानांना आकडे घालून. मोबाइलवरून वाचू नये; हात थरथरला की ओळ निसटते. मनातल्या मनात वाचलेला सराव धरायचा नाही, कारण गळा कुठे दाटतो ते मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही. त्याने रोज दोनदा वाचलं आणि अडलेल्या जागी पेन्सिलने रेघ मारली. पहिल्या दिवशी चार रेघा होत्या, शनिवारी एक उरली. सगळ्याच रेघा टिकून राहिल्या असत्या आणि वाचन शेवटपर्यंत गेलंच नसतं, तर मजकूर त्याचा आणि वाचणारं दुसरं कुणी, असं ठरवलं असतं.

एक प्रत आत्याकडे दिली होती. खूण ठरली होती: त्याने कागद खाली ठेवला तर तिने उठून पुढचं वाचायचं.

रविवारी तो रेघेपाशी थांबला. आत्या खुर्चीतून अर्धी उठली. कागद त्याच्या हातातच होता. त्याने श्वास सोडला आणि आजी पहाटे किती वाजता उठायची, ती ओळ वाचायला घेतली.