मराठीची लिपी रोमनसारखी वर्णमाला आहे की जपानी ‘काना’ लिपीसारखी अक्षरमाला?

दोन्ही नाही, ती अबुगिडा आहे, म्हणजे व्यंजनाच्या चिन्हातच एक स्वर धरलेला असतो अशी लिपी. रोमनमध्ये व्यंजन आणि स्वर शेजारी शेजारी सुटे लिहितात. जपानी हिरागाना या काना लिपीत का, की, कु यांची चिन्हं वेगवेगळी पाठ करावी लागतात, त्यांत ‘क’चा सामाईक आकार सापडत नाही. देवनागरीत ‘क’मध्ये ‘अ’ मुरलेलाच असतो. मात्रा दिली की तो हटतो आणि कि, कु, के होतं. स्वर नकोच असेल तर पाय मोडायचा: क्. म्हणजे स्वर नसणं इथे मुद्दाम लिहावं लागतं.

बोलताना मात्र आपण हा ‘अ’ सर्रास गाळतो. लिहितो ‘चमचा’, म्हणतो ‘चम्चा’. लिपी ही गळती दाखवत नाही, म्हणून नव्याने मराठी शिकणारा ‘च-म-चा’ असं तोडून वाचतो.