पेठांना वारांची, धंद्यांची आणि माणसांची नावं का?

प्रश्न: नाशिकला रविवार पेठ आणि सोमवार पेठ आहे, शिवाय कापड पेठ आणि तांबट लेनही आहे. पुण्यात तर सगळा आठवडा आहे, वर सदाशिव आणि नारायण वेगळेच. ही नावं कोणी आणि कशावरून दिली? रविवार पेठेत खरंच फक्त रविवारी बाजार भरायचा का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पेठ म्हणजे रोजची दुकानं आणि त्यांच्या मागे राहणारी माणसं. ती आठवड्यातून एक दिवस उघडून चालत नाही. आठवडे बाजार वेगळा. तो मोकळ्या जागेत भरतो आणि संध्याकाळी उठतो. नाशिकचा बुधवारचा बाजार गोदाकाठी भरतो, तो पाहिला की हा फरक लगेच कळतो. तिथे पाल ठोकलं जातं, माल विकला जातो आणि रात्री जागा पुन्हा नदीची होते. पेठेत मात्र ओटा बांधलेला असतो, वर माडी असते, मागे परसू असतं आणि त्या सगळ्यावर सरकारची पट्टी असते. तेव्हा वाराचं नाव आणि त्या वारी भरणारा बाजार यांचा संबंध लावताना जरा जपून.

नावं कोणी दिली हे समजायचं असेल तर पेठ बसते कशी, हे आधी पाहावं लागतं. जुन्या गावाचा मूळ भाग म्हणजे कसबा. पुण्याची कसबा पेठ म्हणजे तेच मूळ पुणं. त्याच्या कडेला, बहुतेक वेळा बाहेर जाणाऱ्या वाटेवर, नवी पेठ वसवायची असेल तर सरकारातून कौल दिला जाई. कौल म्हणजे लेखी अभय आणि सवलत: इथे येऊन दुकान घाला, सुरुवातीची काही वर्षं जकात आणि मोहतर्फा (म्हणजे दुकानांवरचा आणि धंद्यांवरचा कर) माफ किंवा कमी, पुढे दरवर्षी थोडा थोडा वाढवत पूर्ण दरावर आणू. या चढत्या आकारणीला इस्तावा म्हणत. पडीक जमीन लागवडीला आणताना जी पद्धत वापरत, तीच इथे दुकानांना लावलेली.

पण नुसत्या कौलाने वाणी येत नाहीत. त्यासाठी शेटे नेमला जाई आणि त्याच्या जोडीला महाजन. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना बोलावून आणायचं, जागा वाटून द्यायच्या, वजनमापं बघायची, तंटे मिटवायचे, ही त्यांची कामं. बदल्यात दुकानदारांकडून मालाच्या रूपात ठरलेला हक्क मिळे आणि तो वंशपरंपरेने चाले. म्हणून पेठेचं नाव ही केवळ हौस नव्हती. कोणती जकात कुठल्या खात्यात जमा होते, कोणाचा हक्क कुठल्या हद्दीपर्यंत चालतो, कोणत्या चौकीवर कोणी पहारा द्यायचा, हे सगळं त्या नावाखाली लिहिलं जाई. अशा कामाला नाव लागतं ते छोटं, सगळ्यांना येणारं आणि दुसऱ्या पेठेशी गल्लत न होणारं. वारांची नावं या कामाला चांगली बसतात.

वारामागे बाजाराचा दिवस, हे सर्वत्र सांगितलं जाणारं कारण निराधार नाही. फिरते व्यापारी आज या गावी, उद्या त्या गावी जात. जवळजवळच्या दोन बाजारांनी एकच वार धरला तर दोघांचंही गिऱ्हाईक फुटतं, म्हणून वार वाटून घेण्याची रीत जुनी आहे, आणि नव्या पेठेला माणसांची सवय लावायला ठरलेला वार उपयोगी पडतो. पण पुण्याच्या पेठा एकेक करून बघितल्या की दिसतं, वार बहुतेकांना नंतर चिकटला आहे. रविवार पेठ आधी मलकापूर होती, सोमवार पेठ शहापूर, शुक्रवार पेठ विसापूर. बुधवार पेठेचं औरंगजेबाच्या काळातलं नाव मुहियाबाद. गुरुवार पेठ तर कित्येक वर्षं वेताळ पेठ म्हणूनच ओळखली जाई, तिथल्या वेताळाच्या देवळावरून. म्हणजे वस्ती आधी, एखाद्या अधिकाऱ्याच्या किंवा देवाच्या नावाने. आणि आठवड्याची मालिका नंतर, पेशवाईत शहर वाढत गेलं तशी. माझ्या मते एकदा दोन-तीन वार रूढ झाले की उरलेले वार कारभाराच्या सोयीसाठी पुढे चालवले गेले असावेत. प्रत्येक नावामागे त्या वारी भरलेला बाजार शोधत बसण्यात अर्थ नाही.

पुण्यातलाच आणखी एक दाखला. जुना बाजार भरतो मंगळवार पेठेच्या बाजूला, आणि भरतो बुधवारी आणि रविवारी. आजच्या बाजाराचा वार बघून जुन्या नावाचा उगम सांगायला गेलात तर इथेच फसाल. शनिवारवाड्याचं तर आणखी मजेशीर आहे. वाड्याचं नाव शनिवार पेठेवरून, असं एक मत. दुसरं असं की पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला, दोन्ही दिवस शनिवार, म्हणून वाडा शनिवारचा. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात. (तारखा ताडून बघणार असाल तर एक लक्षात ठेवा: या जुन्या इंग्रजी पंचांगाच्या तारखा आहेत. आजच्या कॅलेंडरमध्ये मागे जाऊन मोजलंत तर वार वेगळाच निघेल आणि उगाच वाटेल की कोणीतरी थाप मारली.)

माणसांच्या नावांचे दोन प्रकार पडतात आणि ते वेगळे ठेवायला हवेत. एक, ज्याच्या स्मरणार्थ किंवा मानासाठी पेठ आहे तो. सदाशिव पेठ ही सदाशिवरावभाऊंच्या नावाची. ते १७६१ मध्ये पानिपतावर पडले. ही जागा आधी नायगाव म्हणून ओळखली जाई. नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या नावाची. या दोघांनी तिथे दुकानं मांडून दिली असं समजायचं कारण नाही. दुसरा प्रकार म्हणजे ज्या सरदाराने किंवा मुत्सद्द्याने खरोखर वस्ती केली त्याचं नाव. सरदार रास्त्यांनी वसवलेली पेठ मुळात शिवपुरी, आणि नाना फडणविसांनी वसवलेली मुळात हणमंत पेठ. वसवणाऱ्याने देवाचं नाव दिलं, लोकांनी मात्र वसवणाऱ्याचंच लावलं: रास्ता पेठ आणि नाना पेठ. कागदावरचं नाव हरतं आणि तोंडातलं टिकतं, हा क्रम अनेकदा दिसतो. रास्ता पेठेचा रस्त्याशी काही संबंध नाही, हे पुण्यातल्या रिक्षावाल्यांनाही कधीकधी सांगावं लागतं.

नाशिकजवळ माणसाच्या नावाचं सरळ उदाहरण आनंदवल्ली. मूळ गाव चौंधस. राघोबादादा आणि आनंदीबाई तिथे राहिले आणि आनंदीबाईंवरून आनंदवल्ली झाली. ती पेठ नव्हे, पण नाव बदलण्याची तऱ्हा तीच.

आता धंदे. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण धंद्याचं नाव सहसा पेठेला नसतंच. ते पेठेच्या पोटातल्या आळीला असतं. पुण्यात तांबट आळी कसबा पेठेत, बोहरी आळी रविवार पेठेत, तपकीर गल्ली बुधवार पेठेत. नाशिकला आळीच्या जागी लेन आली आहे, पण मांडणी तशीच: तांबट लेन, हुंडीवाला लेन, पगडबंद लेन, आणि मोठे पट्टे असतील तर सराफ बाजार, भांडीबाजार. कारण साधं आहे. तांबटाची भट्टी, ठोक्याचा आवाज आणि कोळशाचा धूर सगळ्या पेठेत पसरून चालत नाही, आणि एका धंद्याची माणसं एका गल्लीत राहिली की माल, उधारी आणि सोयरीक जवळ राहते. उलट पेठ ही कराची मोठी हद्द. तिच्यात वाणी, शिंपी, सोनार, तेली सगळे हवेत, नाहीतर ती चालणार नाही. म्हणून पेठेला वाराचं किंवा माणसाचं नाव आणि आळीला धंद्याचं, अशी वाटणी आपोआप होते. नाशिकची कापड पेठ किंवा सोलापूरची साखर पेठ ही अपवादाची नावं. एका मालाचा व्यापार तिथे इतका ठळक होता की सगळी जागाच त्या नावाने ओळखली गेली.

नाशिकच्या नावांत आणखी एक थर आहे, तो विसरू नका. मोगलाईत शहराचं नाव गुलशनाबाद होतं आणि त्या काळच्या वस्त्यांच्या नावांत ‘पुरा’ येतो: काझीपुरा, नाईकवाडीपुरा. पेठ, लेन आणि पुरा एकाच जुन्या नाशकात शेजारी शेजारी दिसतात, ते वेगवेगळ्या कारभारांचे ठसे आहेत. आणि पेठ रोडवर जाऊन जुनी पेठ शोधू नका. तो पेठ नावाच्या तालुक्याच्या गावाकडे जाणारा रस्ता आहे.

तुमच्या स्वतःच्या पेठेचा छडा लावायचा असेल तर आजच्या पाटीपासून सुरू करू नका. पाटी महापालिकेची असते आणि नाव ठराव करून बदलता येतं. पुण्याची गंज पेठ तशीच महात्मा फुले पेठ झाली. आधी सिटी सर्व्हे कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा आणि त्यावर पेठेचं नाव काय लिहिलंय ते बघा. मग घरात जुनं खरेदीखत असेल तर त्यातली चतुःसीमा वाचा: पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस तांबटांची आळी. अशा ओळींत जुनी नावं टिकून राहतात, कारण खत लिहिणारा आधीच्या खतातलीच सीमा उतरवून घेतो. याच कारणाने एक धोकाही आहे: १९५० च्या खतात एखादं नाव सापडलं म्हणजे ते १९५० ला बोलण्यात होतं असं नाही, ते आणखी जुन्या खतातून आलेलं असू शकतं. खत मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या. अंदाजाने वाचू नका, मोडीत विशेषनामं फार चकवतात.

नाशिककरांच्या हाताशी एक जास्तीचं साधन आहे, ते म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यात्रेला आलेल्या यजमानांनी त्यात आपलं नाव, घराणं आणि गाव लिहून ठेवलेलं असतं. पुण्या-साताऱ्याकडच्या घराण्यांच्या लेखांत पेठेचं नावही सापडू शकतं, आणि लेखावर शक किंवा संवत घातलेला असेल तर अमुक नाव अमुक साली वापरात होतं याचा पक्का दाखला मिळतो. वही गाव आणि आडनावावरून उघडली जाते, पेठेवरून नाही. म्हणून उपाध्यांकडे जाताना मूळ गाव आणि आजोबा-पणजोबांची नावं लिहून घेऊन जा.